दादर ते चर्नी रोड, पिशवीत गोड वाईन

पंचवटी एक्सप्रेसमधून मामा दादरला उतरले तेव्हा त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या, शेनिन ब्लांकची बाटली होती आणि डब्यात त्याच जातीचे दोन घड. दिंडोरीजवळ त्यांची वाईनच्या द्राक्षांची बाग आहे. फेब्रुवारीतला रविवार, त्यामुळे पूल ओलांडून पश्चिमेच्या फलाटावर गेलो तर चर्चगेट स्लोमध्ये चक्क बसायला जागा मिळाली. आम्ही निघालो होतो गिरगावात, अभयकडे. त्याच्याकडे फ्रान्सहून आलेली सोतेर्न या गोड वाईनची ३७५ मिलीची बाटली होती.

लोअर परळ गेल्यावर मामांनी डबा उघडला. मणी पिवळसर, मऊ, देठाकडे सुरकुतलेले. खिशातला साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढून त्यांनी एक मणी काचेवर पिळला आणि मला उजेडाकडे बघायला लावलं. सव्वीस ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण सव्वीस टक्के साखर.

"एरवी बाविसाला तोडतो," मामा म्हणाले. "गोडी वाढली असं वाटतं ना? वाढली नाही. पाणी गेलं."

हिशेब त्यांच्या तोंडावर होता. शंभर किलो द्राक्षांत बावीस किलो साखर. घड आणखी काही आठवडे वेलीवर राहिले, कोरड्या हवेत पंधरा किलो पाणी उडालं, की तीच बावीस किलो साखर पंच्याऐंशी किलोत येते. म्हणजे जवळपास सव्वीस टक्के. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात, म्हणून असा माल द्यायचा तर किलोमागे जास्त दर आधीच ठरवावा लागतो. पुढे वाईनरीत यीस्ट साखर खात जातं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खाल्ली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. साडेअकरा टक्क्यांच्या आसपास टाकी थंड करून यीस्ट थांबवलं, तर अशा रसात लिटरला नव्वदेक ग्रॅम साखर शिल्लक राहते. मात्र मणी उन्हात जास्त थांबला की आंबटपणा उतरतो, आणि आंबटपणाशिवाय ही गोडी नुसती पाकासारखी लागते. शेनिन आंबटपणा बराच धरून ठेवते, म्हणून ती निवडलेली.

चर्नी रोडला उतरून चालत चाळीत पोहोचलो. अभयने सोतेर्न ग्लासात ओतली आणि सांगितलं, "मामा, ही कुजलेल्या द्राक्षांची."

मामांचा चेहरा उतरला. अवकाळी पावसाने मणी फुटून घडांवर राखाडी बुरशी चढलेली त्यांनी पाहिली आहे. बुरशी खरंच तीच, बोट्रायटिस सिनेरिया. फरक हवेचा. ही वाईन जिथली, त्या सोतेर्न भागात शरद ऋतूत सिरॉन नदीचं थंड पाणी गारोन नदीच्या उबदार पाण्याला मिळतं तिथे पहाटे धुकं उठतं. त्या ओलीत बुरशी पिकलेल्या मण्याच्या सालीला बारीक छिद्रं पाडते. दुपारी ऊन पडतं, बुरशीला लगाम बसतो आणि छिद्रांतून पाणी उडतं. बुरशी थोडी साखरही खाते, पण पाणी त्याहून कितीतरी जास्त जातं. शिवाय ती ग्लिसरॉल तयार करते, म्हणून वाईन जिभेवर दाट लागते.

"आणि दुपारी ऊन नाही पडलं तर?" मामांनी नेमकं विचारलं.

तर त्यांनी पाहिलेलंच होतं: साल फाटते, रस गळतो, चिलटं येतात, व्हिनेगरचा वास सुटतो. चांगला कुजलेला मणी तपकिरी-जांभळा, आक्रसलेला, पण न गळणारा असतो. सगळे मणी एकदम तसे होत नाहीत, म्हणून तोडणारे त्याच बागेत पुन्हा पुन्हा फिरतात. सोतेर्नमधल्या शातो दिकेम या नामांकित वाईनरीने २०१२ साली तर आपली गोड वाईन काढलीच नाही. द्राक्षं त्यांच्या पसंतीला उतरली नाहीत. आपल्याकडे तोडणीच्या दिवसांत हवा कोरडी. म्हणून नाशिकला मणी सुकवून गोडी आणणं जमतं, या बुरशीचा भरवसा धरता येत नाही.

बाटल्या फ्रीजमध्ये आठ-दहा अंशांवर होत्या. मुंबईच्या हवेत ग्लास पाच मिनिटांत कोमट होतो, म्हणून पन्नास मिलीच्या वर ओतायचं नाही. आधी नाशिकची, कारण ती हलकी: चिकू, मध, पिकलेला पेरू. मग सोतेर्न: जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मुरांबा, केशर.

काकूंनी कौतुकाने पेढे ठेवले होते. पेढ्यानंतर दोन्ही वाईन पाणचट आणि आंबट लागल्या. पदार्थ वाईनहून गोड असला की असंच होतं. श्रीखंड, बासुंदीचीही तीच गत. दादरहून आणलेला बेताच्या साखरेचा खरवस मात्र नाशिकच्या वाईनबरोबर सुरेख जुळला, वेलचीसकट. सोतेर्नला मीठ हवं होतं. अभयने ज्वारीच्या कडक भाकरीवर ब्लू चीज लावून दिलं. त्या चीजलाही बुरशीच असते. खारट, तिखटसर घास आणि वर गोड घोट. मामांनी दुसरा तुकडा मागून घेतला.

परतीच्या लोकलमध्ये ते बराच वेळ गप्प होते. महालक्ष्मीला म्हणाले, "चार ओळी तोडायच्या राहिल्यात. पंधरा दिवस अजून ठेवतो. पण पाखरांसाठी जाळी आणायला हवी."