दिनांक अमुक रोजी

सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडलं तेव्हा नोटिशी लिहाव्या लागतील, एवढंच मला ठाऊक होतं. त्या वाचून लोक चिडतात, हे नंतर कळलं. मग मी एआयकडून मसुदे करून घ्यायला लागलो. पहिल्या दिवशी त्याला अर्धा तास समजावलं. मी कोण, वाचणारे कोण, सूर विनंतीचा हवा, 'सूचित करण्यात येते की' नको. नोटीस छान झाली. आठवड्याने नवं चॅट उघडलं, तर पुन्हा 'सर्व सन्माननीय सदस्यांना सूचित करण्यात येते की...' नव्या चॅटला आधीचं काही ठाऊक नव्हतं. कायमच्या सूचना सेटिंगमध्ये लिहून ठेवायची सोय आहे, पण त्याच खात्यावर मुलीची गणितं आणि माझे ऑफिसचे मेलही चालतात. तिथे सचिवाचा सूर कशाला?

मग फोनच्या नोट्समध्ये एक मायना करून ठेवला. मायना हाच शब्द योग्य वाटतो. 'सा. न. वि. वि.' लिहिलं की आपण कोण, समोरचा कोण आणि सूर कोणता, हे चार अक्षरांत ठरून जायचं. पुढे फक्त मजकूर. माझ्या नोटमधलं असं आहे:

```
भूमिका: गृहनिर्माण सोसायटीचा सचिव. वाचणारे शेजारी.
सूर: विनंतीचा. दटावणी नको, साखरपेरणीही नको.
नियम: ८० शब्दांच्या आत. पहिल्या वाक्यात काय आणि कधी.
खाली नसलेली माहिती स्वतःहून घालू नये.
माहिती: दिनांक ##तारीख##, वेळ ##वेळ##, काम ##काम##
```

त्या ## खुणांमागे एक इतिहास आहे. आधी तिथे साधं 'अमुक' होतं, पूजेच्या संकल्पात असतं तसं. गुरुजी 'अमुक' आलं की थांबतात आणि यजमानाचं गोत्र विचारून घेतात. मी थांबलो नाही. टाकी धुण्याची नोटीस घाईत कॉपी केली, मसुदा आला, छापला, लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावला. 'दिनांक अमुक रोजी पाणीपुरवठा बंद राहील.' वाक्य इतकं सुबक होतं की मला आणि खजिनदाराला, दोघांनाही त्यात काही खटकलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाली येऊन विचारलं, "अहो, अमुक म्हणजे मंगळवार की बुधवार? बादल्या कधी भरू?" तेव्हापासून रिकाम्या जागेला ओबडधोबड खूण, डोळ्याला टोचेल अशी. शिवाय नियमांत एक ओळ वाढवली: ## दिसलं तर लिहू नये, आधी विचारावं. ही ओळ बहुतेक वेळा पाळली जाते. बहुतेक वेळाच, म्हणून छापण्याआधी फाइलमध्ये ## शोधतो.

दुसरी फजिती नमुन्याची. 'विनंतीचा सूर' म्हणजे नेमका कसा, हे नुसतं सांगून पोचेना. म्हणून मला आवडलेली एक जुनी नोटीस नमुना म्हणून खाली जोडली, आणि सूर लगेच जमला. नमुन्याने जे काम केलं ते दहा विशेषणांना जमलं नसतं. पण ती नोटीस होती बी विंगच्या पार्किंगची. पुढे गच्ची असो, कचरा असो, मसुद्यात कुठेतरी बी विंगचे रहिवासी हटकून यायचे. आमच्याकडे पाच विंग आहेत, त्यामुळे बी विंगवाल्यांना वाटलं, सचिवाचा आपल्यावर डोळा आहे. एकच नमुना दिला की त्यातला सूर कुठला आणि मजकूर कुठला, हे वेगळं होत नाही. आता दोन नमुने आहेत, एक पाण्याचा आणि एक गणेशोत्सवाच्या वर्गणीचा. दोघांत सारखं आहे ते फक्त बोलणं. बी विंग गेली.

बारीक कटकट नोट्स ॲपचीही आहे. खूण म्हणून आधी दोन आडव्या रेघा टाकल्या होत्या. कीबोर्डने आपल्या हुशारीने त्यांची एक लांब रेघ केली आणि मी शोधतोय दोन! म्हणून ##.

नियम मात्र वाढत जातात. प्रत्येक तक्रारीनंतर एक ओळ, असं करत ते अकरा झाले. 'थोडक्यात लिही' आणि 'कारण सविस्तर दे' शेजारी शेजारी नांदत होते आणि मसुदा कधी इकडे, कधी तिकडे. एका रविवारी बसून छाटले. एक ओळ काढायची, तीच टाकीची नोटीस पुन्हा करून घ्यायची. फरक पडला नाही तर ओळ रद्द. पाच उरले.

त्यातला पाचवा आहे: 'झाडांचा उल्लेख नको.' हा का घातला होता, काही केल्या आठवत नाही. काढून पाहिला, काही बिघडलं नाही. तरी परत घातला. कुंड्यांवरून काहीतरी झालं होतं, एवढं नक्की.