बहात्तराव्या बाइटनंतरचा पासवर्ड

फोंड्यातील एका मराठी वाचनालयाच्या सभासद-संकेतस्थळाचे काम मी आणि माझी एक सहकारी गेली काही वर्षे पाहतो. सभासद साधारण एकोणीसशे, त्यांतले बरेच निवृत्त शिक्षक. संकेतस्थळ मराठीत असल्यामुळे पासवर्डही मराठीत ठेवता यावा, असा आग्रह माझाच होता. ‘एखादे लांब, लक्षात राहणारे वाक्य लिहा’ अशी सूचनाही मीच लिहिली होती. पासवर्ड अर्थातच जसाच्या तसा साठवत नव्हतो. बीक्रिप्ट या मुद्दाम संथ ठेवलेल्या पद्धतीने केलेला त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही असा ठसा, तेवढा डेटाबेसमध्ये असे.

डिचोलीच्या एक काकू एकदा पुस्तक बदलायला आल्या असताना मला म्हणाल्या, “अरे, काल मी वाक्यातला शेवटचा शब्द चुकून भलताच लिहिला, तरी मला आत घेतलंच की!” मी हसून म्हटले, “काकू, तुम्ही बरोबरच लिहिला असणार, उगाच शंका घेताय.” ही चूक मला आजही बोचते, कारण त्या बाईंनी दोष अगदी नेमक्या शब्दांत सांगितला होता आणि तो खोटा ठरवायला मी दोन मिनिटेही खर्च केली नव्हती.

पुढे आम्ही पायथॉनची बीक्रिप्ट लायब्ररी ५.०.० या आवृत्तीवर नेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहा-सात सभासदांचे फोन आले की पासवर्ड टाकला की पानच उघडत नाही. लॉगमध्ये हे होते:

```
ValueError: password cannot be longer than 72 bytes, truncate manually if necessary (e.g. my_password[:72])
```

फोन करणाऱ्यांत काकूही होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या आवृत्त्या बहात्तर बाइटांच्या पुढचा भाग गुपचूप टाकून देत होत्या आणि या आवृत्तीने ते थांबवून सरळ नकार द्यायला सुरुवात केली होती. नवी आवृत्ती बिघडलेली नव्हती; जुना बिघाड तिने फक्त उघडा पाडला होता.

ही मर्यादा कोणी मनाला येईल तशी ठरवलेली नाही. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ साली ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मांडलेली बीक्रिप्ट ही पद्धत ब्लोफिश या सांकेतिक पद्धतीवर उभी आहे. ब्लोफिशमध्ये प्रत्येकी ३२ बिटांच्या १८ उपकिल्ल्यांचा एक तक्ता असतो, म्हणजे १८ गुणिले ४, एकूण ७२ बाइट. पासवर्डचे बाइट क्रमाने या तक्त्यात मिसळले जातात. पासवर्ड आखूड असेल तर तो पुन्हा पहिल्यापासून घेऊन तक्ता भरतात, आणि लांब असेल तर तक्ता भरला की उरलेल्या बाइटांपर्यंत हात पोहोचतच नाही. ओपनबीएसडीची मूळ अंमलबजावणी याबद्दल काही बोलत नसे, आणि तिचा कित्ता गिरवणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्यांनीही तेच केले.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला ७२ बाइट म्हणजे ७२ अक्षरे मिळतात, त्यामुळे त्याला ही भिंत क्वचितच लागते. आपले तसे नाही. मजकूर बाइटांत मांडण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणजे आपल्या हाती राहतात जेमतेम २४ चिन्हे. काकूंचे वाक्य मला माहीत नाही आणि असताही कामा नये, म्हणून मी त्याच घाटाचे एक वाक्य रचून पाहिले: ‘मांडवीच्या पुलावर संध्याकाळी वारा सुटतो’. पहिला शब्द दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइट. मग जागेचा एक. ‘पुलावर’ची सहा चिन्हे, म्हणजे १८, आणि पुन्हा जागेचा एक. इथवर ५० झाले. उरलेल्या २२ बाइटांत ‘संध्याक’ एवढी सात चिन्हे बसतात आणि एक बाइट शिल्लक राहतो, तो पुढच्या कान्याचा पहिला बाइट. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच, E0 हा असतो, त्यामुळे तो शिल्लक बाइटही काही वेगळे सांगत नाही. वाक्य १०९ बाइटांचे असले तरी ‘मांडवीच्या पुलावर संध्याकाळी पाऊस पडतो’ लिहिले काय किंवा ‘संध्याक’नंतर कोणतेही देवनागरी चिन्ह ठेवले काय, जुन्या पद्धतीत दार उघडणारच. चाचणी दोन ओळींची आहे, आणि ती जुन्या आवृत्तीवर चालवल्यावर उत्तर True आले:

```python
h = bcrypt.hashpw(("क"*24 + "ख").encode(), bcrypt.gensalt(12))
print(bcrypt.checkpw(("क"*24 + "ग").encode(), h))
```

बंद पडलेले दार आधी उघडायला हवे होते, म्हणून लायब्ररीच्या संदेशाने सुचवल्याप्रमाणे मी `[:72]` लावले, आणि तेही चुकीच्या जागी. मी मजकूर कापला, बाइट नव्हे. ७२ चिन्हांचा मराठी मजकूर २१६ बाइटांपर्यंत जातो, त्यामुळे माझ्या इंग्रजी चाचण्या पार पडल्या आणि काकूंची अडचण तशीच राहिली. आधी `encode("utf-8")`, मग `[:72]`, असा क्रम लावल्यावर जुने हॅश पुन्हा जुळू लागले.

ही झाली तात्पुरती मलमपट्टी. ७२ बाइटांपेक्षा लांब पासवर्ड नाकारणे हा एक मार्ग होता, पण सभासदांना ‘चोवीस चिन्हे, आणि जोडाक्षरात तीन-चार मोजा’ असे सांगणे मला हास्यास्पद वाटले. बीक्रिप्ट सोडून आर्गॉन२ ही नवी पद्धत घेण्याचाही विचार झाला आणि नवे संकेतस्थळ असते तर मी तेच केले असते. पण त्याच डेटाबेसवर चालणारा दुसरा एक जुना प्रोग्राम बीक्रिप्टखेरीज काही ओळखत नव्हता आणि त्यात थोडाफार बदल करणे एवढेच आमच्या हातात होते. म्हणून पासवर्ड आधी एका साध्या हॅशमधून काढून ठरावीक लांबीचा करायचा आणि मग बीक्रिप्टला द्यायचा, असे आम्ही ठरवले.

यात तीन ठिकाणी पाय घसरू शकतो. पहिले म्हणजे हॅशचे कच्चे बाइट तसेच देणे. सी भाषेच्या वळणाच्या अंमलबजावण्या शून्य बाइट दिसला की मजकूर संपला असे समजतात. पहिलाच बाइट शून्य असण्याची शक्यता २५६त एक, म्हणजे आमच्या एकोणीसशे सभासदांत सरासरी सात जणांचा पासवर्ड रिकाम्या पासवर्डसारखाच ठरला असता आणि ते सातही जण एकमेकांच्या पासवर्डने आत जाऊ शकले असते. म्हणून त्या बाइटांचे बेस६४ करून, म्हणजे ते साध्या अक्षरांत मांडून घेणे आवश्यक. दुसरे म्हणजे लांबी. माझ्या सहकारीला एसएचए-५१२ हवा होता, पण त्याचे बेस६४ रूप ८८ अक्षरांचे होते, म्हणजे पुन्हा त्याच भिंतीवर आदळणे. एसएचए-३८४चे ४८ बाइट बेस६४मध्ये बरोबर ६४ अक्षरे होतात आणि ती ७२त आरामात बसतात.

तिसरी गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. सहकारीनेच ती लक्षात आणून दिली. नुसता, किल्लीविना हॅश आधी लावला आणि त्याच सभासदाचा तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळावरून त्याच साध्या हॅशच्या रूपात फुटला, तर हल्लेखोराला मूळ पासवर्ड माहीत असण्याची गरजच उरत नाही. फुटलेले हॅश तो एकेक करून आमच्या बीक्रिप्टवर लावून पाहतो, जो जुळेल तो बाजूला काढतो आणि मग बीक्रिप्टच्या संथ गतीऐवजी साध्या हॅशच्या वेगाने त्याचा मूळ पासवर्ड शोधत बसतो. यावर उपाय म्हणजे साध्या हॅशऐवजी एचमॅक, ज्यात डेटाबेसबाहेर ठेवलेली आमची स्वतःची ३२ बाइटांची किल्ली मिसळलेली असते:

```python
def tayar(pw, key):
    t = unicodedata.normalize("NFC", pw).encode("utf-8")
    d = hmac.new(key, t, hashlib.sha384).digest()
    return base64.b64encode(d)
```

ती किल्ली हरवली तर एकाही सभासदाला आत जाता येणार नाही, म्हणून तिची एक प्रत पाकिटात बंद करून वाचनालयाच्या कपाटात ठेवली आहे. `normalize` हीदेखील मराठीचीच गरज आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ काही कीबोर्ड एकाच चिन्हाने लिहितात, तर काही र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दिसायला दोन्ही सारखे, बाइटांत मात्र तीन आणि सहा. मात्र जुना हॅश पडताळताना ही पायरी लावायची नाही, कारण तो आलेल्या बाइटांवरच तयार झालेला आहे.

आता जुन्या हॅशांचे काय? हॅशवरून मूळ पासवर्डची लांबी कळत नाही, त्यामुळे कोणाचा पासवर्ड कापला गेला होता हे तो सभासद आत येईपर्यंत समजायला मार्ग नाही. प्रचलित रीत अशी की सभासद आला, जुन्या पद्धतीने पासवर्ड जुळला, की तोच पासवर्ड हातात असताना नव्या पद्धतीचा हॅश करून ठेवायचा. मी तसेच लिहिले आणि सहकारीला चाचणीला बसवले. तिने मांडवीचे वाक्य ठेवले, मग मुद्दाम ‘वारा’ऐवजी ‘वाता’ टाइप करून आत गेली, बाहेर आली आणि बरोबर वाक्य लिहिले. दार बंद!

कारण उघड होते. जुनी पडताळणी पहिले ७२ बाइटच पाहत असल्यामुळे चुकलेले वाक्य पास झाले आणि आम्ही ते पूर्ण, चुकीसकट, नव्या हॅशमध्ये कायमचे केले. जी चूक वर्षानुवर्षे कोणाला दिसत नव्हती, तिची शिक्षा आता सभासदाला मिळणार होती, तीही बरोबर वाक्य लिहिल्याबद्दल. हे प्रत्यक्ष वापरात गेले असते तर फोन उचलून उचलून आमचे हात दुखले असते.

म्हणून आम्ही दोन वाटा केल्या. पासवर्ड ७२ बाइटांत बसत असेल तर जुळल्यावर मुकाट्याने नवा हॅश. त्याहून लांब असेल तर नवा हॅश करायचा नाही. नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला कोड घालून सभासदाने पासवर्ड दोनदा लिहायचा, वाटल्यास पूर्वीचाच, आणि दोन्ही नोंदी शेवटच्या बाइटपर्यंत जुळल्या तरच तो साठवायचा. कोणता हॅश कोणत्या पद्धतीचा, हे कळण्यासाठी डेटाबेसमध्ये एक वेगळा रकाना ठेवला. मोबाइलचा कोड माझ्या आग्रहाखातर आला, कारण पहिले ७२ बाइट माहीत असणारा परका माणूसही या पायरीपर्यंत पोहोचू शकतो आणि नवा पासवर्ड त्याच्या हातून ठेवला जाणे मला मान्य नव्हते.

पहिल्या तीन महिन्यांत ४१ सभासद या दुसऱ्या वाटेने गेले. काकूंना मी फोन करून झालेली चूक सांगितली आणि त्या वेळी हसल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी पासवर्ड दोनदा लिहिला, बाहेर पडल्या, मुद्दाम शेवटचा शब्द बदलून पाहिला आणि मगच म्हणाल्या, “आता अडवलं हो. हेच मला तेव्हा हवं होतं.”

सुमारे सहाशे खाती अजून जुन्याच हॅशवर आहेत, कारण ते सभासद त्यानंतर आत आलेलेच नाहीत. त्यांच्यासाठी जुनी पडताळणी मार्चअखेरपर्यंत ठेवायची आणि एप्रिलपासून त्यांना ईमेलने नवा पासवर्ड घ्यायला लावायचा, असे ठरले आहे. `[:72]` असलेली ती ओळ त्याच दिवशी काढून टाकणार आहोत.