उद्धट प्रतिक्रिया ठेवली, सभ्य प्रतिक्रिया काढली

तुम्ही विचारलंत: "तुमच्या लेखाखाली तुम्हालाच टाकून बोललेली प्रतिक्रिया तशीच दिसते आणि एखादी अगदी नम्र भाषेतली मात्र दिसेनाशी होते, असं का? आणि टीका करणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, हे कसं ठरवता?"

गेल्या पावसाळ्यात मी बिनभोगवटा शुल्काविषयी लिहिले होते. सभासदाने सदनिका भाड्याने दिली की गृहनिर्माण संस्था त्याच्याकडून दरमहा जे जादा पैसे घेते, ते हे शुल्क. मुंबईत सगळे त्याला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. हे शुल्क देखभालीच्या मासिक बिलाच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असे मी त्या लेखात लिहिले. त्याच रात्री तासाभराच्या अंतराने दोन प्रतिक्रिया आल्या.

पहिली अशी होती: "बाई, अभ्यास न करता कशाला लिहिता? लोकांना खड्ड्यात घालाल. दहा टक्के बिलावर नसतात, सेवाशुल्कावर असतात. १ ऑगस्ट २००१चा शासन आदेश वाचा आधी." दुसरीची सुरुवात माझे मनःपूर्वक आभार मानून झाली होती. पुढे त्या गृहस्थांनी आपल्या संस्थेच्या सचिवांचे पूर्ण नाव, इमारतीचे नाव आणि परळमधला रस्ता देऊन लिहिले होते, की या सचिवांनी गेल्या वर्षीच्या रंगकामात सभासदांचे दोन लाख रुपये घेतले आहेत आणि हे आपल्या वाचकांना कळणे आवश्यक आहे. भाषा अत्यंत शालीन होती, एकही शब्द वावगा नव्हता.

मी पहिली ठेवली आणि दुसरी रोखली. भाषेच्या तापमानावरून प्रतिक्रिया निवडायच्या असत्या, तर निर्णय नेमका उलटा झाला असता आणि दोन्हीकडे चुकला असता. मी दोनच गोष्टी बघते. जे म्हटले आहे ते मला किंवा वाचकाला पडताळून पाहता येईल का, आणि ज्याच्याविषयी म्हटले आहे तो उत्तर द्यायला इथे हजर आहे का? पहिल्या प्रतिक्रियेतला राग माझ्यावर होता आणि मी हजर होते. तिच्यात आदेशाची तारीख दिलेली होती, त्यामुळे खरेखोटे करायला पाव तास पुरेसा होता. दुसरीतले सचिव मात्र हजर नव्हते, आणि दोन लाखांचे खरे काय ते मला कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

इथे कायद्याचीही बाजू आहे. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५००मध्ये होता. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे. पुष्कळांची समजूत असते की गोष्ट खरी असली की प्रश्न मिटला. फौजदारी प्रकरणात तेवढे पुरत नाही: ती गोष्ट खरी असावी लागते आणि ती जाहीर करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. दुसरा एक युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो, की लिहिणारा वाचक आहे, तुमचा काय संबंध? त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २४ मार्च २०१५च्या श्रेया सिंघल निकालाचा दाखला दिला जातो. दुसऱ्यांचा मजकूर केवळ ठेवून घेणाऱ्या मध्यस्थाला न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश येईपर्यंत तो काढण्याची सक्ती नाही, असे त्या निकालाने सांगितले, हे खरे आहे. पण मी प्रत्येक नव्या माणसाची प्रतिक्रिया आधी स्वतः वाचते आणि मग स्वतः मंजूर करते. वाचून, समजून, बटण दाबून जे मी लोकांपुढे ठेवले, त्याविषयी "मला माहीत नव्हते" असे म्हणायला मला तोंड राहत नाही. म्हणून मी त्या संरक्षणाच्या भरवशावर राहत नाही.

अशा वेळी नाव तेवढे खोडून बाकीचा मजकूर प्रसिद्ध करावा, असा मोह होतो. मी तसे कधीही करत नाही. दुसऱ्याच्या वाक्यात माझी कात्री फिरली की ते वाक्य अर्धे माझे होते, आणि लिहिणारा उद्या म्हणू शकतो की मी असे म्हटलेच नव्हते. प्रतिक्रिया एक तर अक्षरशः जशीच्या तशी दिसेल, नाही तर दिसणारच नाही. मात्र ती का दिसली नाही हे लिहिणाऱ्याला कळवल्याशिवाय मी ती बाजूला टाकत नाही. त्या गृहस्थांना मी त्याच रात्री पत्र पाठवले: "तुमची प्रतिक्रिया मी रोखली आहे, कारण तिच्यात एका व्यक्तीवर नावानिशी आरोप आहे आणि तो मला तपासता येत नाही. नाव, इमारत आणि रस्ता वगळून, रंगकामाचा निर्णय कसा झाला, दरपत्रके किती मागवली, हिशेब कोणी पाहिला, एवढे तुम्ही लिहिलेत तर मी ती लगेच प्रसिद्ध करीन. सचिवांविरुद्ध तक्रार करायची असल्यास ती तुमच्या वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे करता येते."

आता पहिल्या प्रतिक्रियेच्या उत्तराकडे येते, कारण तिथे मी स्वतः घसरण्याच्या बेतात होते. त्या रात्री लिहिलेल्या मसुद्यात मी इतकी वर्षे संस्थेच्या कामात आहे, इतक्या सभा पाहिल्या आहेत, आणि टीका करतानाही काही सभ्यता असावी, असे सगळे होते. तो मसुदा मी पाठवला नाही. सकाळी आदेश पुन्हा वाचला आणि जुने बिल काढून आकडे मांडले. एकूण बिल ६,४०० रुपयांचे होते. त्यात सेवाशुल्क २,८००, महापालिकेचा कर १,५००, दुरुस्ती निधी १,२००, पाणी ५०० आणि सिंकिंग फंड ४०० रुपये. माझ्या वाक्याप्रमाणे सभासदाला महिन्याला ६४० रुपये द्यावे लागले असते. आदेशाप्रमाणे कमाल मर्यादा २८० रुपये होती. म्हणजे माझ्यावर विसंबून एखाद्या संस्थेने वर्षाला ४,३२० रुपये जादा घेतले असते. त्या गृहस्थांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

मी उत्तर दिले: "आपले बरोबर आहे. १० टक्के हे सेवाशुल्कावर आहेत, संपूर्ण बिलावर नाहीत. लेखाच्या सुरुवातीला आजच्या तारखेने दुरुस्ती दिली आहे आणि हिशेबाचे उदाहरण जोडले आहे. चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे." "अभ्यास न करता" या शब्दांना मी उत्तर दिले नाही. दिले असते, तर पुढच्या दहा प्रतिक्रिया माझ्या अभ्यासाविषयी आल्या असत्या आणि शुल्काचा मुद्दा तिथेच विरून गेला असता.

दुरुस्ती करताना जुने वाक्य मी पुसले नाही. ते तसेच ठेवून त्याच्या शेजारी ते चुकीचे असल्याचे लिहिले. गुपचूप बदलले असते, तर ज्याने चूक दाखवली त्याचीच प्रतिक्रिया पुढच्या वाचकाला निरर्थक भासली असती. आणि ज्यांनी ते वाक्य उचलून आपल्या संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटात टाकले होते, त्यांना ते बदलल्याचा पत्ताही लागला नसता.

टीकाकार चुकत असेल तेव्हा मी दोनदाच उत्तर देते. सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना संस्था जे हस्तांतरण अधिमूल्य घेते, ते सर्वसाधारण सभेने ठराव केल्यास कितीही घेता येते, असा एका वाचकाचा आग्रह होता. पहिल्या उत्तरात मी आधार दिला: ९ ऑगस्ट २००१चे परिपत्रक, आणि महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा. त्याने "ठराव एकमताने झाला असेल तर?" असे विचारले. तो नवा मुद्दा होता, म्हणून दुसरे उत्तर दिले, की एकमत झाले तरी मर्यादा ओलांडता येत नाही. तिसऱ्या वेळी त्याने पहिलाच मुद्दा मोठ्या आवाजात मांडला. तिथे मी थांबले आणि शेवटचा शब्द त्याचा राहू दिला. वाचणाऱ्याला दोन्ही बाजू दिसत होत्या.

माझ्या हातून झालेल्या दोन चुका इथे सांगितल्या पाहिजेत, कारण दोन्ही यंत्राच्या भरवशावर राहिल्याने झाल्या. मी वर्डप्रेस वापरते. त्यातल्या `Disallowed Comment Keys` या चौकटीत लिहिलेला शब्द ज्या प्रतिक्रियेत सापडेल, ती थेट कचऱ्यात जाते. मी तिथे "चोर" हा शब्द घातला होता. ही चौकट अख्खा शब्द बघत नाही, अक्षरांचा तुकडा बघते, आणि मजकुराबरोबर लिहिणाऱ्याचे नावही तपासते. परिणामी चोर बाजाराजवळच्या एका इमारतीविषयी लिहिणाऱ्या वाचकाची प्रतिक्रिया गेली, आणि चोरगे आडनावाच्या एका नियमित वाचकाच्या तीन प्रतिक्रिया मला न कळता नाहीशा झाल्या. त्यांनी मला चिडून पत्र लिहिले तेव्हा कचरा उपसून मी त्या परत आणल्या. आता असे शब्द मी `Comment Moderation` या चौकटीत ठेवते. तिथे प्रतिक्रिया फक्त थांबते आणि निर्णय माझ्या हातात राहतो.

दुसरी चूक अधिक लागली. एका वादात तीन वेगवेगळ्या नावांनी एकाच बाजूच्या प्रतिक्रिया आल्या आणि तिन्हींचा आयपी पत्ता एकच दिसत होता. हा एकच माणूस आहे, असे मी जाहीरपणे लिहिले. ती तीन खरी, निरनिराळी माणसे होती. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे लोकलच्या एकाच डब्यातल्या अनोळखी प्रवाशांचाही पत्ता एकच दिसू शकतो. मी त्याच ठिकाणी, तिघांची नावे घेऊन, माफी मागितली. आता पत्ता जुळला तरी मी कोणावर आळ घेत नाही. शैली आणि वाक्येही जुळली, तर प्रतिक्रिया थांबवून त्या व्यक्तीला खाजगीत विचारते.

परळच्या त्या गृहस्थांनी चार दिवसांनी पुन्हा लिहिले, या वेळी कोणाचेही नाव न घेता. रंगकामासाठी एकच दरपत्रक आले होते, सभेत ते वाचून दाखवले नव्हते आणि हिशेब मागितला तेव्हा तोंडी उत्तर मिळाले होते. मी ती प्रतिक्रिया लगेच प्रसिद्ध केली. तिला पहिले उत्तर आले ते मला अभ्यास करायला सांगणाऱ्या गृहस्थांचे: "आधी बिलांच्या आणि इतिवृत्ताच्या प्रतींसाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या, मग बोंब मारा. तोंडी मागितलेल्याला काही अर्थ नाही." तेही मी जसेच्या तसे ठेवले आहे.