चाळीस हजारांची चूक आणि तीन लाखांचा हिशेब

रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑडिटला मी पहिल्यांदा सेल्स टेस्टिंग, म्हणजे विक्रीच्या बिलांची तपासणी, एकटीने सांभाळत होते. वर्षाची विक्री १८ कोटी. फाइलीतून हाताला लागतील तशी २५ बिलं उचलली आणि वर्किंग पेपरवर लिहिलं, ‘रँडम’. मॅडमनी विचारलं, “रँडम कशावरून? आणि पंचवीसच का?” उत्तर नव्हतं. हाताने उचलणं म्हणजे हॅपहॅझर्ड, ठरलेल्या पद्धतीशिवाय केलेली निवड. नॉन-स्टॅटिस्टिकल, म्हणजे संख्याशास्त्राचा आधार न घेणाऱ्या तपासणीत ते चालतं, पण धोका किती उरला ते आकड्यात सांगता येत नाही.

भीती विक्री फुगवल्याची होती आणि बिलांच्या रकमांत जमीन-अस्मानाचा फरक होता, म्हणून मग रुपयागणिक निवड करायची स्टॅटिस्टिकल पद्धत घेतली. मान्य चूक, म्हणजे जास्तीत जास्त चालवून घेता येईल अशी चूक, १८ लाख ठरली. ९५ टक्के खात्रीला फॅक्टर ३, त्याने १८ लाखांना भागलं की अंतर ६ लाख, म्हणजे दर ६ लाखांमागे एक, जवळपास ३०० बिलं! पण कंपनीचे अंतर्गत कंट्रोल तपासून झाले होते आणि ज्या ग्राहकांकडून येणं होतं त्यांची बॅलन्स कन्फर्मेशनं आली होती. (विक्रीचा जीएसटी रिटर्न, जीएसटीआर-१, जुळला होता, पण तो त्याच बिलांवरून भरतात, त्याला मी फार भाव दिला नाही.) म्हणून ७० टक्के खात्री पुरे धरली, फॅक्टर १.२, अंतर १५ लाख. त्यावरची सहा बिलं, मिळून १.२ कोटी, सगळी तपासायची. उरलेल्या १६.८ कोटींतून ११२ नमुने. एक्सेलमध्ये बेरीज चढवत नेली, रँडम सुरुवात ४,३७,००० आणि पुढे दर १५ लाखांचा टप्पा ज्या बिलात पडेल ते बिल. एकूण बिलं किती आहेत याचा नमुन्याच्या आकाराशी संबंधच आला नाही, याचं मला नवल वाटलं.

एका २ लाखांच्या बिलात ४०,००० जास्त लागले होते. मार्चमध्ये दर उतरले, पण सॉफ्टवेअरमध्ये जुनाच दर राहिला. जास्तीची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट एप्रिलमध्ये निघाली. मला वाटलं, एवढंच तर आहे. पण बिल २० टक्के चुकलं होतं, म्हणजे १५ लाखांच्या टप्प्यावर अंदाजी चूक ३ लाख. शिवाय अपेक्षित चूक मी शून्य धरली होती, त्यामुळे एकही चूक न सापडता संभाव्य चुकीची वरची मर्यादा मान्य चुकीइतकीच, १८ लाख होती. पहिल्याच चुकीने ती ओलांडली.

‘एकच अपवाद’ म्हणून सोडून द्यायचा मोह झाला. नमुना तपासणीच्या एसए ५३० या ऑडिट मानकात त्यासाठी जवळपास पक्की खात्री लागते, आणि इथे तर कारण दुसऱ्या बिलांनाही लागू होतं. म्हणून दर बदललेल्या मालाची मार्चमधली सगळी बिलं वेगळी काढून पूर्ण तपासली. सात बिलांत मिळून २.१ लाख निघाले, कंपनीने दुरुस्तीची नोंद केली. बाकीच्या बिलांच्या नमुन्यात चूक नव्हती. पुढच्या वर्षीच्या प्लॅनिंगमध्ये अपेक्षित चुकीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं नाही.