पडले की सापडले?

जुलैतल्या एका रात्री आमच्या मेडिसिन वॉर्डातले बेड 14 चे आजोबा बाथरूमच्या दाराशी खाली बसलेले सापडले. कपाळाला लहानशी जखम, सीटी स्कॅन नॉर्मल. अहवाल लिहायचा होता मी, वॉर्डची इन्चार्ज. तो दोनदा परत आला आणि माझी सुट्टी खाऊन गेला.

हातात काय होतं? नाईट सिस्टरने ग्लोव्हजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खरडलेलं: “3.05, बेड 14 खाली, शुद्धीवर, बीपी 100/60, शुगर 118.” फाइलमध्ये आरएमओंची नोंद मात्र 3.00 ची. आणि मावशींचं तोंडी, “तीन वाजायच्या आत झालं बघा. फरशी मी कोरडी केल्ती, आधीच सांगतो.”

मी तसंच उतरवलं. क्वालिटीवाल्यांनी समासात विचारलं, डॉक्टर आधी आले आणि रुग्ण नंतर सापडला का? सिस्टर रडकुंडीला आली. मीही मनात तिलाच दोष देऊन मोकळी झाले होते. मग सहज भिंतीवरच्या घड्याळाशेजारी मोबाइल धरला. घड्याळ बारा मिनिटं पुढे! म्हणजे 2.53. सिस्टरच्या मोबाइलमध्ये आरएमओंना केलेला कॉल 2.55 चा. सगळं जुळलं. पुठ्ठ्यावरचा आकडा मात्र खोडू नका. मी दोन्ही वेळा लिहिल्या, फरक का ते लिहिलं आणि पुठ्ठा जोडला.

दुसऱ्यांदा चूक माझीच. पाऊस होता, नातेवाइकांच्या छत्र्या दारात ठिबकत होत्या, म्हणून मी “ओल्या फरशीवर घसरून पडले” लिहिलं. पडताना पाहिलं कोणी होतं? कोणीच नाही. मग “बसलेल्या स्थितीत आढळले” एवढंच खरं. फरशी कोरडी होती हे मावशींच्या नावावर, आणि आजोबांचं त्यांच्याच शब्दांत: “उठलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.” ते वाक्य मी आधी गाळलंच होतं. बीपीची नवी गोळी आदल्या दिवशी सुरू झाली होती. सकाळी बीपी झोपून 128/76, उभं करून तीन मिनिटांनी 98/60. वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला तर ती नोंद घ्यावीच लागते, इथं तीस उतरला होता. मी फरशीवर अडले असते तर मावशींना मेमो मिळाला असता आणि गोळी तशीच चालू राहिली असती.

हो, नातेवाइकांना कधी कळवलं ती वेळही टाका, मी विसरले होते. फॉर्मवर “निष्काळजीपणा कोणाचा” असा रकाना आहे. तिथं लिहिलं: बेलची दोरी बेडमागे अडकली होती, हात पोहोचत नव्हता. नाव एकही नाही.

घड्याळ त्याच दुपारी मी मागं घेतलं. स्टूल मावशींनी धरलं.