डोकं गोल, पण खोबण वेगळी

मंगळवारी दुपारी एक बाई तीन चाव्या घेऊन दुकानात आल्या. एक काळवंडलेली पितळी, दोन नव्या चकचकीत. "दादा, दोन ठिकाणी करून घेतल्या. आत जातात, फिरत नाहीत. आणि जुनीला चीर गेलीय." कोथरूडला आई एकटी राहते, दाराला नाईट लॅच आहे. जुनी चावी कुलपात तुटली आणि आई आत पडली, तर दार फोडावं लागेल, ही त्यांची धास्ती.

तिन्ही चाव्यांची डोकी गोल, एकाच मापाची. आधीच्या दोघांनी काय केलं ते तिथेच कळलं. भिंतीवरच्या हुकांवरून तसंच डोकं असलेली कोरी चावी काढली आणि मशीनला लावली. याचा मला फार राग येतो. डोकं म्हणजे धरायची जागा, कोणीही कोणत्याही आकाराचं पाडतो. कुलूप ओळखतं ते पात्याच्या बाजूच्या खोबणींना.

त्या बघायच्या तर चावी आडवी धरून उपयोग नाही. टोक डोळ्याकडे, मागून उजेड, म्हणजे पात्याचा छेद दिसतो. जुन्या चावीला डावीकडे दोन खोबणी, उजवीकडे एक, आणि त्या उजवीची वरची कड तिरपी. पहिल्या नव्या चावीची तीच कड सरळ आणि खोबण जरा रुंद. रुंद खोबण आत शिरते, म्हणून माणूस फसतो. पण चावी आत डुगडुगते, खाली बसते आणि कुलपातल्या पिना हव्या तेवढ्या उचलल्या जात नाहीत. दोन-तीन दशांश मिलिमीटरचा फरकही पुरतो. खोबण अरुंद असती तर चावी आत गेलीच नसती आणि चूक दाराशी लगेच कळली असती.

दुसरीच्या खोबणी बरोबर होत्या. मग जुनीला पाठीला पाठ लावून दोघींचे खांदे जुळवले. खांदा म्हणजे चावी जिथे कुलपाच्या तोंडाला अडते ती पायरी. खांदे जुळले, पण पाचही दात जवळजवळ एक मिलिमीटर पुढे सरकलेले. कारागिरानं चाव्या टोकाकडून जुळवून लावल्या होत्या आणि त्याच्या कोऱ्या चावीची लांबी वेगळी होती.

नव्या दोन्हींच्या डोक्यावर कोऱ्या चाव्या बनवणाऱ्यांचे क्रमांक होते. एकाच खोबणीला प्रत्येक कंपनी आपला वेगळा क्रमांक देते, त्यामुळे तो आकडा त्याच कंपनीच्या तक्त्यात चालतो. जुनीवर मात्र कुलूप कंपनीचं नाव आणि पाच आकडे, म्हणजे ही मूळ चावी. शेजारचा दुकानदार म्हणाला, "पाच दात, पाच आकडे. आकड्यांवरूनच काप की!" काही कुलपांत तसं असतं, प्रत्येक आकडा एका दाताची खोली सांगतो. पण ते तपासता येतं. समजा आकडे ३१४३१ होते (खरे लिहीत नाही, त्या घराला कुलूप अजून तेच आहे). मग पहिला आणि चौथा दात सारखे हवेत. कॅलिपर लावला: पहिल्या दाताशी पात्याची उंची ६.२ मिलिमीटर, चौथ्याशी ५.४. एवढा फरक झिजेनं पडत नाही. म्हणजे तो नुसता कारखान्यातला नोंदणीचा क्रमांक, तक्त्याशिवाय निरुपयोगी.

बोहरी आळीत दीड तास फिरलो. तिरप्या कडेची कोरी चावी मिळाली, पण सहा पिनांच्या कुलपाची, लांब. ती चालते, कारण खोबणी तीच असतात. खांद्यापासून दात पाडायचे, उरलेलं टोक कापून उतार घासायचा. जुनी झिजलेली होती, म्हणून हुबेहूब न कापता प्रत्येक दाताशी थोडं पितळ जास्त राखलं. हुबेहूब कापली असती तर झीजही नव्या चावीत उतरली असती.

संध्याकाळी कानस घेऊन कोथरूडला गेलो. फिरली नाही. हलका दाब देऊन बाहेर काढली, तर तिसऱ्या दातावर बारीक चमकदार ठिपका. पीन तिथेच अडत होती. दोन हात कानस मारली, पुन्हा घातली, आणि खटका सरकला. आतून आजींनी विचारलं, "कोण गं?"

बाईंना दुसरी चावी या नवीवरूनच करून दिली आणि जुनी कुलपात घालू नका, म्हटलं. फेकूही नका, हेही म्हटलं. लोक नेमकी मूळ चावी टाकतात आणि नकलेची नक्कल मागायला येतात. पण तिसऱ्या दाताशी मी राखलेलं पितळ मुळातच जास्त होतं, की त्या पिनेतच काही दोष होता, हे कुलूप न उघडता कळणार नाही. दोष पिनेत असेल, तर वर्षभरात मला पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागेल.