तेरजेतला 2,365 चा फरक आणि सस्पेन्स खातं

"अहो, अडीच हजाराच्या आतला फरक आहे. किरकोळ उत्पन्नात टाका आणि मोकळे व्हा." रिटर्न भरून देणाऱ्या ऑफिसातून मिळालेला हा सल्ला अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय. सस्पेन्स खातं ही फरक पुरायची जागा नाही. चूक सापडेपर्यंत फरक ठेवायची ती जागा आहे, आणि त्या ऑफिसला नेमकं हेच मान्य नव्हतं.

दुकान कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं. बेअरिंग, पट्टे, नट-बोल्ट असा फौंड्री आणि मशीनशॉपना लागणारा माल, सगळा 18 टक्क्यांच्या जीएसटीचा. वह्या हाताने लिहिलेल्या, आणि नव्या वर्षापासून टॅलीवर जायचं ठरलेलं. 31 मार्चची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची नावे-जमा यादी, काढली तर नावे बाजू 48,36,215 आणि जमा बाजू 48,33,850. जमा बाजू 2,365 ने कमी. तेवढी रक्कम सस्पेन्स खात्याला जमा दाखवली की तेरीज जुळते आणि पुढचं काम अडत नाही. इथपर्यंत पाच मिनिटांचं काम.

खातं उघडण्याआधी मात्र काही गोष्टी पाहून घ्यायच्याच. तेरजेच्या बेरजा खालून वर परत करायच्या. रोख आणि बँकेची शिल्लक उचलली आहे ना ते पाहायचं, कारण ती खात्यांच्या वहीत, म्हणजे खतावणीत, नसते, रोजच्या जमाखर्चाच्या कीर्दीतच असते, आणि खतावणीची पानं उलटत तेरीज लिहिणारा ती हमखास विसरतो. सुरुवातीच्या बाक्या गेल्या वर्षीच्या ताळेबंदाशी ताडायच्या. हे सगळं जमलं होतं. फरक तसाच.

मग प्रत्येक जण करतो ते दोन हिशेब. पहिला, फरकाची निम्मी रक्कम शोधायची. जमेची रक्कम चुकून नावे पडली तर फरक दुप्पट दिसतो, म्हणून निम्म्या रकमेची नोंद कुठे आहे ते पाहायचं. 2,365 चे निम्मे 1,182 रुपये 50 पैसे. अशी नोंद कुठल्याच वहीत नाही. दुसरा, फरकाला 9 ने भाग जातो का ते पाहायचं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले, किंवा 450 चे 4,500 झाले, की फरकाला 9 ने भाग जातोच. 2,365 ला जात नाही. बरेच जण इथेच हात टेकतात आणि किरकोळ उत्पन्नाचा सल्ला गोड वाटायला लागतो.

पण हे दोन्ही हिशेब एकच चूक असेल तरच चालतात. दोन-तीन चुका असल्या तर काही नावे बाजू फुगवतात, काही जमा बाजू, आणि आपल्या हातात येतो तो त्यांचा वजाबाकी होऊन उरलेला आकडा. त्या आकड्याला कुणाचाच चेहरा नसतो. त्याच्याकडे बघत बसून काही मिळत नाही. वह्यांचे गट पाडून कुठला गट जुळतो आणि कुठला नाही हे आधी ठरवावं लागतं. सगळ्या वर्षाच्या नोंदींवर पुन्हा टिका मारत बसायचा नाद करू नका. डोळे दमतात आणि तीच चूक दुसऱ्यांदाही नजरेखालून निसटते.

पहिला गट गिऱ्हाइकांचा, कारण खाती जास्त तिथे हात घसरण्याची जागाही जास्त. एका कागदावर सगळ्या गिऱ्हाइकांचं मिळून एकच खातं मांडायचं. वर्षाच्या सुरुवातीचं येणं 6,18,400. त्यात विक्री पुस्तकातली बिलांची एकूण रक्कम, कर धरून, 38,42,600 मिळवली. त्यातून कीर्दीप्रमाणे वसूल झालेले 36,95,150, कीर्दीतल्याच, गिऱ्हाइकांना दिलेली सूट लिहायच्या रकान्याचे 8,215 आणि विक्री परत पुस्तकाचे 24,600 वजा केले. उरायला हवेत 7,33,035. खतावणीतल्या एकेका गिऱ्हाइकाच्या बाकीची बेरीज आली 7,34,315. म्हणजे येणं 1,280 ने जास्त दिसतंय.

आता निम्म्याचा हिशेब कामाला येतो, कारण फरक एकाच गटातला आहे. 1,280 चे निम्मे 640. विक्री परत पुस्तकात 640 ची एकच नोंद होती, शिरोलीच्या एका कारखान्याने परत केलेल्या बेअरिंगची. माल परत आला म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्याला 640 जमा व्हायला हवेत. ते नावे पडले होते. हा कारखाना बऱ्याच दिवसांपासून "तुमची बाकी जास्त दिसतेय" असं सांगत होता आणि दुकानातून त्याला वसुलीचे फोन जात होते. म्हणून एक आत्ताच सांगतो: मार्चअखेरीस मोठ्या गिऱ्हाइकांकडून बाकीची खात्री लेखी मागवा. असली चूक त्या कागदावर आपणहून वर येते.

दुरुस्ती 640 ची नाही, 1,280 ची करायची. चुकीचे नावे पडलेले 640 काढायचे आणि बरोबरचे 640 जमा करायचे. नोंद अशी: सस्पेन्स खाते नावे 1,280, गिऱ्हाइकाचे खाते जमा 1,280. खुलाशात विक्री परत पुस्तकाचा पान क्रमांक लिहायचा. सस्पेन्सची जमा बाकी आता 1,085.

त्याच कागदावर दुसरी चूकही पकडता येते. सुटीचे 8,215 मी कीर्दीच्या रकान्यावरून घेतले होते. खतावणीत दिलेल्या सुटीचं खातं पाहिलं तर तिथे 7,500. एका महिन्याची बेरीज कमी पडली होती, मार्चची, 715. कीर्द लिहिताना गिऱ्हाइकाच्या खात्याला रोख आणि सूट दोन्ही जमा होतात, पण सुटीच्या खात्याला महिनाअखेरची बेरीज एकदाच नावे जाते. तो रकाना कीर्दीच्या कडेला असतो, रोख शिलकीत धरला जात नाही, त्यामुळे तो राहिला तरी शिल्लक बरोबर येते आणि कुणाला शंका येत नाही. नोंद: दिलेली सूट खाते नावे 715, सस्पेन्स खाते जमा 715.

आता सस्पेन्सची बाकी 1,085 वरून वाढून 1,800 झाली. बरोबर दुरुस्ती करूनही बाकी वाढते, प्रसंगी बाजूही बदलते, आणि नेमकं इथे लोक घाबरून आपलीच नोंद खोडतात. खोडू नका. चुका एकमेकींना झाकत असतात. एक काढली की दुसरीचा खरा आकार दिसतो. इथे तो दिसलाच: 1,800 ला 9 ने भाग जातो. एवढंच नाही, 900 ने भागलं तर 2 येतात, म्हणजे हजार आणि शेकड्याच्या घरातले आकडे उलटले असतील तर त्या दोन आकड्यांत 2 चा फरक असणार.

नावे बाजू फुगलेली, म्हणून शोध खरेदीकडे वळवला. देणेकऱ्यांची खाती वरच्यासारखीच मांडून पाहिली, ती जुळली. म्हणजे बिलं नीट चढली होती, चूक बेरजेत किंवा बेरीज पुढच्या पानावर नेण्यात. खरेदी पुस्तकात चार रकाने: मालाची किंमत, सीजीएसटी, एसजीएसटी आणि बिलाची रक्कम. प्रत्येक पानाच्या तळाला आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर पहिल्या तिघांची बेरीज चौथ्याइतकी येते का, एवढंच तपासत गेलो. एका पानाच्या तळाला 62,480, 5,623.20, 5,623.20 आणि 73,726.40, म्हणजे बरोबर. पुढच्या पानाच्या डोक्यावर पहिल्या रकान्यात 64,280, बाकीचे तिन्ही तसेच. आडवी बेरीज 75,526.40 येते. 2 आणि 4 ची अदलाबदल, फरक 1,800. सस्पेन्स खाते नावे 1,800, खरेदी खाते जमा 1,800. खातं शून्यावर.

हे सगळं वर्षाचा हिशेब बंद व्हायच्या आत झालं. बंद झाल्यावर सापडलं असतं तर खरेदी आणि सुटीची खाती उरलेली नसतात. मग नव्या वर्षात सस्पेन्स नावे 2,365, गिऱ्हाइकाचे खाते जमा 1,280 आणि मालकाचे भांडवल जमा 1,085 अशी नोंद आली असती. 1,085 म्हणजे खरेदी जास्त लागल्याने कमी दिसलेला 1,800 नफा, वजा खर्चात न धरलेली 715 सूट. किरकोळ उत्पन्नाचा सल्ला ऐकला असता तर 1,085 च्या जागी 2,365 नफा वाढला असता आणि शिरोलीच्या कारखान्याकडे नसलेलं येणं वहीत तसंच राहिलं असतं.

प्रत्येक दुरुस्ती सस्पेन्समधून जात नाही, हे लिहायचं राहत होतं. फक्त एका बाजूला झालेली चूकच तिथून जाते. कपाट घेतलं आणि ते खरेदी खात्याला नावे टाकलं, तर नावे-जमा समान असतात, तेरीज बिघडत नाही. तिथे कपाट खाते नावे, खरेदी खाते जमा. अशी दुरुस्ती सस्पेन्समधून केली तर सस्पेन्समध्ये नसलेल्या फरकाची बाकी उभी राहते. बिलच लिहायचं राहिलं, किंवा एका गिऱ्हाइकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्याला जमा झाले, तरी तेरजेला पत्ता लागत नाही. त्यामुळे सस्पेन्स शून्य झालं म्हणजे वह्या निर्दोष, असा दाखला कुणी देऊ नये.

टॅलीत नावे-जमा सारखे नसले तर व्हाउचर पुढे जातच नाही. फरक येतो तो सुरुवातीच्या बाक्या भरताना, आणि तो `Difference in opening balances` म्हणून दिसतो. तो घालवायला `Suspense A/c` गटात खातं उघडून आकडा भरण्याआधी जुन्या ताळेबंदाशी एकेक बाकी आणि तिची बाजू ताडा. बहुतेक वेळा एखादी बाकी जमेऐवजी नावे भरलेली असते. बँकेत आलेले कुणाचे ते न कळलेले पैसे त्या खात्यात टाकू नका; त्यांना वेगळं नाव देऊन वेगळं खातं ठेवा. दोन्ही एकत्र झाले की तेरजेचा फरक किती होता हेच सांगता येत नाही, मग निम्म्याचा आणि नवाचा हिशेब कशावर करणार?